प्रतिजैविक की अँटिबायोटिक? सामान्य वाचकासाठी शब्द निवडताना

"मी आरोग्यावर सामान्य वाचकांसाठी लिहिते. सध्या अँटिबायोटिक कशावर चालतं, कशावर चालत नाही आणि ते पुढे चालेनासं का होतं, यावर लेख लिहिते आहे. 'प्रतिजैविक' लिहिलं तर वाचक म्हणतात कळत नाही, 'अँटिबायोटिक' लिहिलं तर संपादक म्हणतात मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला. कोणता शब्द कधी वापरायचा, हे ठरवायचं कसं?"

तुमच्या लेखात 'अँटिबायोटिक' वापरा आणि 'प्रतिजैविक' एकदाच, ओळख करून देण्यापुरता आणा. 'जीवाणू' आणि 'विषाणू' मात्र मराठीच ठेवा. रेझिस्टन्ससाठी, म्हणजे औषध जीवाणूंवर चालेनासं होण्यासाठी, 'प्रतिरोध' नको आणि 'रेझिस्टन्स'ही नको, तिथे 'औषधाला दाद न देणं' हा आपला रोजचा वाक्प्रचार घ्या. एकाच लेखात तीन शब्दांचे तीन वेगवेगळे निकाल लागले, कारण 'मराठी की इंग्रजी' असा सरसकट निवाडा करताच येत नाही. प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे तपासावा लागतो. या तिन्ही शब्दांची तपासणी कशी होते ते बघू.

पहिला प्रश्न असा विचारायचा: लेख वाचून झाल्यावर हा शब्द वाचकाला पुन्हा कुठे भेटणार आहे? 'अँटिबायोटिक' तो डॉक्टरांच्या तोंडून ऐकतो, औषधाच्या दुकानात ऐकतो, घरात स्वतः बोलतो. 'प्रतिजैविक' त्याला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात भेटलेला असतो, आता कधीमधी वर्तमानपत्रात किंवा सरकारी पत्रकात दिसतो. तुमचा लेख वाचून त्याने दुकानात काय विचारावं असं तुम्हाला वाटतं? 'ही गोळी अँटिबायोटिक आहे का?' असंच ना? मग लेखातला शब्दही तोच हवा. लेखात 'प्रतिजैविक' शिकवून ठेवलं आणि तो दुकानात गेला, तर लेखातला इशारा आणि हातातली गोळी यांचा मेळ त्याचा त्यालाच घालावा लागेल. काही जणांना तो घालता येत नाही, आणि नेमके तेच तुमचे सर्वांत गरजू वाचक असतात.

याच कसोटीने निकाल उलटाही लागतो, हे मुद्दाम सांगायला हवं. खतांवर लिहिताना 'नत्र, स्फुरद, पालाश' हेच शब्द वापरायचे. तिघेही घडवलेले शब्द आहेत, पण शेतकऱ्याला ते माती परीक्षणाच्या अहवालात भेटतात, पिकाच्या शिफारशीत भेटतात, कृषी सहायकाच्या बोलण्यात भेटतात. तिथे 'नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम' लिहिणं म्हणजे वाचकाच्या हातात असलेला शब्द काढून घेणं. शिवाय त्यात एक धोकाही दडलेला आहे. शिफारशीतला 'स्फुरद' म्हणजे मूलद्रव्य फॉस्फरस नव्हे. तो आकडा P₂O₅ या रूपात मोजलेला असतो. 100 किलो स्फुरदात मूलद्रव्य फॉस्फरस सुमारे 44 किलोच असतो. पालाश तसाच K₂O म्हणून मोजतात, त्यात पोटॅशियम सुमारे 83 टक्के. म्हणजे 'हेक्टरी 50 किलो स्फुरद' हे वाक्य कुणी सोपं करण्याच्या भरात 'हेक्टरी 50 किलो फॉस्फरस' असं केलं, तर नुसता शब्द बदलत नाही, मात्राच दुपटीहून जास्त होते. घडवलेला शब्द आणि इंग्रजी शब्द कोशात शेजारी बसलेले असतात म्हणून ते वापरातही एकच असतील, असं धरून चालू नये.

दुसरी तपासणी अर्थाच्या धक्क्याची. घडवलेला शब्द ज्या तुकड्यांचा बनलेला असतो, ते तुकडे बाहेर आधीच कशासाठी तरी वापरात असतात. 'प्रतिजैविक' घडला तेव्हा 'जैविक' म्हणजे 'जीवांशी संबंधित' इतकंच होतं. आज सामान्य वाचकाच्या कानात 'जैविक' म्हटलं की 'जैविक शेती', 'जैविक खत' वाजतं, म्हणजे रसायनविरहित, चांगलं काहीतरी. त्याला 'प्रति' लागलं की शब्द अंधुक होतो. शब्दाचं यात काही चुकलेलं नाही, भोवतालची भाषा सरकली. हाच प्रकार 2020 मध्ये 'टाळेबंदी'बाबत झाला. कामगार चळवळीत या शब्दाला पक्का अर्थ होता: मालकाने कारखान्याला टाळं लावून कामगारांना बाहेर ठेवणं, म्हणजे संपाच्या उलट बाजूचं हत्यार. लॉकडाउनसाठी तोच शब्द आला आणि रुळलाही. पण त्या काळातल्या कारखान्यांविषयी लिहिताना 'टाळेबंदीमुळे कारखाना बंद' या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि कोणता घ्यायचा ते वाचकाला कळत नाही. अशा लेखात 'लॉकडाउन' हाच नेमका शब्द ठरतो.

ही तपासणी करायची सोपी रीत अशी: शब्द कागदावर एकटा लिहा, विषय न सांगता चार-पाच जणांना दाखवा आणि 'यावरून काय आठवतं?' एवढंच विचारा. 'जीवाणू' दाखवला तर बहुतेकांना रोग आठवतो, थोड्यांना दही आठवतं. दोन्ही बरोबरच्या दिशेने आहेत. उत्तरं भलत्याच दिशेने गेली, तर तो शब्द लेखात वापरताना प्रत्येक वेळी संदर्भाचा आधार द्यावा लागणार, हे ओळखावं.

आता 'जीवाणू' आणि 'विषाणू' का ठेवायचे? 'बॅक्टेरिया' आणि 'व्हायरस' लोक बोलतातच की. खरं आहे, आणि लेखात बॅक्टेरियाचा एकदाच उल्लेख असता तर मी अडून बसलो नसतो. पण तुमच्या लेखाचा कणाच हा आहे की एकावर औषध चालतं आणि दुसऱ्यावर चालत नाही. म्हणजे हे दोन शब्द वीस-पंचवीस वेळा, वेगवेगळ्या विभक्तींत येणार. जीवाणूंना, जीवाणूंमुळे, जीवाणूंपैकी, विषाणूंवर, विषाणूजन्य. मराठी शब्द इथे सहज वळतात. 'बॅक्टेरिया' अडखळतो. तो मुळात अनेकवचन असूनही आपण एकवचनासारखा चालवतो, त्यामुळे 'एक बॅक्टेरिया' आणि 'बॅक्टेरिया मरतात' दोन्ही लिहिलं जातं, आणि एक की अनेक हे वाक्यागणिक धूसर होतं. त्यात हे दोन मराठी शब्द शाळेतून, आणि साथीच्या काळातल्या बातम्यांतून, लोकांच्या सवयीचे झालेले आहेत.

त्यांची एक उणीव मान्य करायला हवी. जीवाणू आणि विषाणू दोन्हींचा शेवट सारखा आहे. भराभर वाचणाऱ्याची नजर शेवटच्या अक्षरांवर ठरते आणि फरक निसटतो. उपाय असा की पहिल्या परिच्छेदात दोघांना एकेक ओळखीचा आजार जोडून द्यायचा: 'क्षयाचे जीवाणू', 'सर्दीचे विषाणू'. पुढेही एका वाक्यात दोन्ही आणायचेच असतील, तर त्यांतल्या एकाला तरी हा आधार द्या. 'जंतू' वापरायचा मोह इथे टाळा. तो सर्वांत ओळखीचा शब्द आहे, पण त्यात दोन्ही येतात. 'अँटिबायोटिक जंतूंना मारतं' असं लिहिलंत की सर्दीसाठी गोळी मागणाऱ्याला तुम्हीच पुरावा दिलात. शब्द सोपा असणं पुरेसं नाही. जो फरक सांगायचा आहे तो त्या शब्दात टिकला पाहिजे.

तिसरा शब्द सर्वांत अवघड, आणि त्यावरच लेखाचं यश अवलंबून आहे. रेझिस्टन्सला मराठीत 'प्रतिरोध', 'प्रतिकार', 'प्रतिकारक्षमता' असे पर्याय सुचवले जातात. विजेच्या संदर्भात त्याच इंग्रजी शब्दाला 'रोध' म्हणतात, म्हणून परिभाषा कोश उघडताना आधी तो कोणत्या विषयाचा आहे ते बघायचं. आणि कोशात सापडलेला शब्द हा एक उमेदवार समजायचा. परिभाषा कोश राज्यकारभारासाठी आणि शिक्षणासाठी, एका संकल्पनेला एकच नेमका शब्द असावा म्हणून तयार होतात. तुमच्या वाचकाला तो पहिल्या वाचनात कळावा, ही जबाबदारी कोशाने घेतलेली नसते. ती तुमची आहे.

'जीवाणूंमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होते' हे वाक्य मराठी लेखांत सर्रास दिसतं. व्याकरणाने त्यात काही चूक नाही. पण 'प्रतिकारशक्ती' हा शब्द वाचकाच्या मनात पक्का बसलेला आहे: माझ्या शरीराची, मुलांची, आजारपणाशी लढणारी, वाढवायची असते ती. त्यामुळे वाचक असं वाचतो की अँटिबायोटिक जास्त घेतलं तर माझ्या शरीराला त्याची सवय होते. ही गैरसमजूत जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये 12 देशांत केलेल्या पाहणीत 76 टक्के लोकांना वाटत होतं की औषधाला दाद देईनासं होतं ते आपलं शरीर. प्रत्यक्षात बदलतात ते जीवाणू. म्हणजे लोकांच्या डोक्यात आधीच असलेल्या चुकीला मराठीतला हा शब्द खतपाणी घालतो. 'रेझिस्टन्स' लिहून ही अडचण सुटत नाही, कारण कोणाचा रेझिस्टन्स हा प्रश्न तसाच राहतो.

मराठीत यासाठी तयार वाक्प्रचार आहे. ताप औषधाला दाद देत नाही, खोकला कशालाच दाद देत नाही, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. 'औषधांना दाद न देणारा क्षयरोग' हा प्रयोग बातम्यांतही रुळलेला आहे. यातली मोठी सोय म्हणजे वाक्याला कर्ता लागतोच. कोण दाद देत नाही? आजार किंवा जीवाणू. शरीर तिथे सहजासहजी शिरत नाही. गाण्याला दाद देणं हा दुसरा अर्थ असला तरी 'औषधाला दाद न देणं' या नकारी रूपात घोटाळा होत नाही. आणि कमी-जास्त सांगता येतं: पूर्वी लगेच दाद द्यायचे, आता उशिरा देतात, पुढे देईनासे होतील.

म्हणूनच घडवलेला शब्द आणि इंग्रजी शब्द एवढे दोनच पर्याय समोर ठेवू नका. नामाऐवजी क्रियापद शोधलं तर बऱ्याचदा तिसरी वाट सापडते. इंग्रजी परिभाषा नामांवर उभी असते आणि भाषांतर करताना आपण नामाला नाम शोधत बसतो. मराठी वाक्य क्रियापदावर चालतं. मात्र याला मर्यादा आहे. तक्त्याच्या रकान्याला, नकाशावरच्या सूचीला किंवा शीर्षकाला नाम लागतं, तिथे 'दाद न देणं' मावत नाही. धोरणावर लेख असेल आणि त्यात तो शब्द चाळीस वेळा येणार असेल, तर 'प्रतिरोध' घ्या, पण पहिल्याच वेळी 'जीवाणूंनी औषधाला दाद न देणं, म्हणजे प्रतिरोध' असं बांधून द्या आणि मग शेवटपर्यंत तोच चालवा.

हे सगळं एका परिच्छेदावर लावून बघू. संपादकांना आवडेल असा पहिला मसुदा बहुधा असा असतो:

'प्रतिजैविकांच्या अविवेकी वापरामुळे सूक्ष्मजीवांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होत असून विषाणूजन्य संसर्गामध्ये प्रतिजैविके निष्प्रभ ठरतात.'

वाचकांना कळेल म्हणून केलेला दुसरा मसुदा असा होतो:

'अँटिबायोटिक्सच्या ओव्हरयूजमुळे बॅक्टेरियामध्ये रेझिस्टन्स डेव्हलप होतो आणि व्हायरल इन्फेक्शनमध्ये अँटिबायोटिक्स इफेक्टिव्ह नसतात.'

दोन्हींत दोष एकच आहे. नामं एकामागोमाग रचली आहेत आणि कोण काय करतं ते सांगितलेलंच नाही. शब्दांची अदलाबदल करून दुसरा मसुदा तयार झाला, पण वाक्य होतं तिथेच राहिलं. आता शब्द आणि वाक्य दोन्ही बदलून:

'अँटिबायोटिक औषधं जीवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ थांबवतात. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि विषाणूंवर ही औषधं चालत नाहीत. तरीही ती घेतली, तर सर्दी बरी होत नाहीच. उलट अंगात आधीपासून असलेल्या जीवाणूंपैकी जे त्या औषधाने मरत नाहीत, तेवढे मागे उरतात आणि वाढतात. पुढे त्यांच्यामुळे आजार झाला, तर तो त्या औषधाला दाद देत नाही. बदललेले असतात ते जीवाणू, आपलं शरीर नव्हे.'

लांबी वाढली, हे खरं. पण इथे एकही शब्द असा नाही की जो वाचकाला थांबून सोडवावा लागेल. 'प्रतिजैविक' यात नाही, तो लेखात आधी किंवा नंतर एकदा आणा: 'अँटिबायोटिक, ज्याला पाठ्यपुस्तकांत आणि सरकारी कागदांत प्रतिजैविक म्हणतात'. अशाने दोन शब्दांची गाठ वाक्यातच बसते. कंसात शब्द टाकला तर बरेच वाचक तो ओलांडून जातात, आणि मोठ्याने वाचताना कंस ऐकूही येत नाही.

'अँटिबायोटिक औषधं' अशी जोडी मी मुद्दाम केली आहे. 'अँटिबायोटिक्स' हे इंग्रजी अनेकवचन एकदा घेतलं की पुढे 'अँटिबायोटिक्सचा', 'अँटिबायोटिक्समुळे' अशी जोडाक्षरं गळ्यात पडतात, आणि लिंग कोणतं हा प्रश्न उरतोच. मागे 'औषध' ठेवलं की लिंग ठरलं, अनेकवचन ठरलं, आणि सगळ्या विभक्ती 'औषधांना', 'औषधांमुळे', 'औषधांचा' अशा घरच्या शब्दाला लागतात. परका शब्द विशेषणासारखा पुढे, वाकणारा मराठी शब्द मागे. कोणत्याही अवघड उसन्या शब्दासाठी ही युक्ती चालते. 'डोस' आणि 'कोर्स' यांना तिचीही गरज नाही, ते पूर्ण मराठी झाले आहेत: डोस चुकवू नका, कोर्स अर्धवट सोडू नका. तिथे 'मात्रा' लिहायला गेलात तर आयुर्वेदातली चाटायची मात्रा काहींना आठवेल.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक मात्र निवड झाल्यानंतर होते. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, असं निबंधलेखनात शिकवलेलं असतं. त्या सवयीने पहिल्या परिच्छेदात 'अँटिबायोटिक', दुसऱ्यात 'प्रतिजैविक', तिसऱ्यात 'जंतुनाशक औषध' येतं. विषय माहीत असलेल्याला तिन्ही एकच वाटतात. नवख्याला ती तीन वेगळी औषधं वाटतात, आणि 'जंतुनाशक' तर अनेक घरांत फरशी पुसायलाही वापरतात. तांत्रिक नाव एकदा ठरलं की लेखभर तेच. पुनरुक्ती कंटाळवाणी वाटत असेल तर 'ही औषधं', 'ती गोळी' अशी सर्वनामं आणि सामान्यनामं वापरा, दुसरं नाव नको. लेख संपल्यावर नाकारलेले शब्द एकेक करून शोधून बघा. एखादा हमखास निसटलेला सापडतो.

शोधताना लिपीची एक अडचण येते. पडद्यावर सारखंच दिसणारं 'अँ' तीन प्रकारे टंकलेलं असू शकतं. प्रत्येकापुढे संगणक ते ज्या युनिकोड संकेतांकांनी साठवतो ते दिले आहेत:

```
अँ   U+0905 U+0901
ॲं   U+0972 U+0902
अॅं   U+0905 U+0945 U+0902
```

तुम्ही पहिल्या प्रकारे लिहिलं आणि सहलेखकाने दुसऱ्या प्रकारे, तर शोध घेताना त्याचे शब्द सापडतीलच असं नाही. सगळे बदलले असं वाटतं आणि निम्मे तसेच राहतात. शिवाय 'अँटिबायोटिक', 'अँटीबायोटिक', 'अँटीबायोटीक' अशी ऱ्हस्वदीर्घाची रूपं वेगळी. उसन्या शब्दाची ही किंमत आहे, ती मोजायची तयारी ठेवा: एक लेखन ठरवा, ते लेखाच्या माथ्यावर टिपून ठेवा, आणि शेवटी बाकीची रूपं एकेक शोधून बदला. घडवलेल्या संस्कृत शब्दांना हा त्रास फार कमी होतो, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

आता संपादकांशी बोलताना. 'वाचकांना कळत नाही' एवढ्यावर वाद मिटत नाही, कारण तेही 'वापरला नाही तर रुळणार कसा' असं म्हणू शकतात, आणि त्यात तथ्य आहे. 'महापौर', 'दूरध्वनी', 'संगणक', 'रक्तदाब' हेही कधीतरी नवे होते. पण त्यांचं पुढे काय झालं ते बघा. 'महापौर' पदाच्या पाटीवर, बातमीत, सगळीकडे आला आणि बोलण्यातही उतरला. 'रक्तदाब' दोन ओळखीच्या शब्दांचा, ऐकताक्षणी उलगडणारा, तो लिहिण्यात पक्का बसला, जरी दवाखान्यात 'बीपी' म्हणतात. 'दूरध्वनी' मात्र कागदावरच राहिला. बोलताना फोनच केला जातो. फक्त लेखकांच्या आग्रहाने शब्द रुळत नाही, लोकांच्या कामाच्या जागी तो असावा लागतो. जिथे ती शक्यता दिसते तिथे मराठी शब्दासाठी जरूर भांडा. औषधाविषयीच्या इशाऱ्यात, जिथे चुकीचं समजलं तर वाचकाच्या अंगावर येतं, तिथे शब्द रुजवण्याचा प्रयोग करू नका.

तरीही एकमत होत नसेल तर परिच्छेद घेऊन विषयाशी संबंध नसलेल्या पाच जणांकडे जा. त्यांना तो मोठ्याने वाचायला सांगा. 'कळलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. दोन प्रश्न विचारा: सर्दी झाली तर ही गोळी घ्यावी का, आणि का? औषध चालेनासं होतं तेव्हा बदललेलं असतं कोण? वाचताना कुठे जीभ अडली ते खुणेने टिपा. उत्तर देताना त्यांनी स्वतः कोणता शब्द उच्चारला, तेही टिपा. दुसऱ्या प्रश्नाला पाचांतल्या दोघांनी जरी 'शरीर' असं उत्तर दिलं, तर परिच्छेद परत लिहायला घ्या.